आम्ल किती आत शिरलं?

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक देखणा प्रयोग करतात. अगारच्या घट्ट जेलीचे गडद गुलाबी घन कापायचे, एक १ सेंटिमीटरचा, दुसरा २ चा, तिसरा ३ चा. तिन्ही एकाच वेळी पातळ आम्लात सोडायचे. हळूहळू गुलाबी रंग बाहेरून आत विरत जातो. ठरलेल्या वेळेला घन बाहेर काढून सुरीने मधोमध कापले, की प्रत्येकाच्या पोटात वेगवेगळ्या आकाराचा गुलाबी गाभा उरलेला दिसतो. पेशी इतक्या लहान का असतात, हे या गाभ्यांवरून समजावून सांगतात.

अगार म्हणजे आपल्या वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून ते काढतात. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २ ग्रॅम अगार उकळून विरघळवलं, तर थंड झाल्यावर घट्ट वडी पडते. जेली गरम असतानाच तिच्यात फिनॉल्फथॅलीन या दर्शकाचे काही थेंब आणि अगदी थोडं पातळ सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं. आम्लारीत फिनॉल्फथॅलीन गुलाबी असतं आणि आम्ल लागताच रंगहीन होतं. त्यामुळे रंग जिथवर गेला, तिथवर आम्ल पोहोचलं, असं डोळ्यांनी वाचता येतं. आम्ल म्हणून साधं व्हिनेगर चालतं.

पण त्यासाठी जेलीच कशाला? ग्लासभर पाण्यात शाईचा थेंब टाकून विसरण दाखवण्याची पद्धत आहेच की. खरं तर त्या ग्लासात शाई पसरते ती बहुतांशी पाण्यातल्या प्रवाहांमुळे. विसरणाचा वाटा त्यात फार थोडा. अगारच्या जेलीतही ९८ टक्के पाणीच असतं, पण अगारच्या तंतूंची जाळी त्या पाण्याला वाहू देत नाही. लहान रेणू मात्र त्या जाळीतून जवळजवळ पाण्यातल्याच गतीने सरकतात. म्हणजे या घनात आम्ल आत जातं ते निव्वळ विसरणाने.

आता आकडे पाहू. समजा दहा मिनिटांत आम्ल प्रत्येक बाजूने अडीच मिलिमीटर आत गेलं. व्हिनेगर वापरलं तर साधारण तेवढंच जातं. आम्लाची आणि आम्लारीची तीव्रता बदलली की थोडं कमीजास्त होतं. १ सेंटिमीटरच्या घनात दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिलिमीटर गेले की आत अर्ध्या सेंटिमीटरचा गाभा उरतो. त्याचं घनफळ मूळ घनाच्या आठव्या भागाइतकं, म्हणजे ८७.५ टक्के घन रंगहीन झाला. २ सेंटिमीटरच्या घनाचा ५८ टक्के भाग रंगहीन होतो आणि ३ सेंटिमीटरच्या घनाचा अवघा ४२ टक्के.

पुस्तकातलं स्पष्टीकरण इथे येतं. पहिल्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर, म्हणून गुणोत्तर ६. दुसऱ्याचं २४ ला ८, म्हणजे ३. तिसऱ्याचं ५४ ला २७, म्हणजे २. आकार वाढतो तशी आत येण्याची जागा वाढते, पण जिथवर पोहोचायचं ते पोट त्याहून वेगाने वाढतं. हे बरोबरच आहे. मात्र यातून ‘लहान घनात विसरण वेगाने होतं’ असा समज अनेक मुलं करून घेतात, आणि तो चुकीचा आहे. पट्टी लावून पाहा: तिन्ही घनांमध्ये रंग गेलेल्या कडेची जाडी सारखीच असते. आम्लाला घन केवढा आहे याची खबर नसते. वेग तोच राहतो, बदलतो तो व्यापलेल्या भागाचा हिस्सा.

याच प्रयोगात आणखी एक तुकडा घातला, तर गोष्ट अधिक खोल जाते. त्याच जेलीची ४ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि फक्त अर्धा सेंटिमीटर जाड अशी चपटी वडी कापा. तिचं घनफळ ८, म्हणजे मधल्या घनाइतकंच. पृष्ठफळ ४०, म्हणून गुणोत्तर ५. गुणोत्तर पाहिलं तर हिचा क्रमांक लहान घनानंतर लागायला हवा. प्रत्यक्षात दहा मिनिटांनी ही वडी पूर्ण रंगहीन झालेली असते आणि लहान घनात गाभा अजून गुलाबी असतो. कारण वडीतला कुठलाही बिंदू पृष्ठभागापासून अडीच मिलिमीटरपेक्षा लांब नाही. लहान घनाचा मध्य मात्र पाच मिलिमीटरवर आहे. गुणोत्तर हा उपयोगी अंदाज आहे, पण निकाल लावतं ते पृष्ठभागापासूनचं अंतर.

आणि हे अंतर फार महाग पडतं. दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर, तर पाच मिलिमीटरला वीस मिनिटं लागत नाहीत, चाळीस लागतात. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो, कारण रेणू सरळ चालत नाहीत. धक्के खात मागेपुढे भरकटतात. १८५५ मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने विसरणाचं जे गणित मांडलं, त्यातून हा हिशेब निघतो. पाण्यात ऑक्सिजनला एका पेशीएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं अंतर जायला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. एका मिलिमीटरला चार-एक मिनिटं लागतात, एका सेंटिमीटरला सुमारे सात तास. म्हणून आपल्याला हृदय आणि केशवाहिन्यांचं जाळं लागतं, तर चपट्या प्लॅनेरिया कृमीचं रक्ताभिसरण संस्थेशिवाय भागतं. तांबडी रक्तपेशीही गोळीसारखी नसते, तबकडीसारखी चपटी असते.

प्रयोग बिघडतो तो बहुधा कापण्यात. १ सेंटिमीटरचा घन प्रत्येक बाजूने ९ मिलिमीटरचाच कापला गेला, तर त्याचं घनफळ २७ टक्के कमी होतं आणि सगळा तक्ता डळमळतो. म्हणून सुरीने कापलेला घन पुन्हा मोजावा आणि खरं माप लिहावं. दुसरी अडचण म्हणजे घन भांड्याच्या तळाला चिकटून बसतो आणि तेवढ्या बाजूने आम्ल शिरत नाही. कापल्यावर गाभा मधोमध न दिसता एका बाजूला सरकलेला दिसला, तर हेच झालं असं समजावं. पुढच्या वेळी घन मधूनमधून उलटावेत. गाभ्याचे कोपरे गोलसर दिसले तर मात्र ती चूक नाही. कोपऱ्यावर आम्ल तीन बाजूंनी येतं.

घन म्हणजे पेशी नव्हे, हेही सांगायला हवं. पेशीला निवडक पदार्थच आत सोडणारं आवरण असतं, आत आलेला ऑक्सिजन ती सतत वापरत असते आणि तिच्यातला द्रव फिरतही राहतो. जेलीत यातलं काहीच नाही. व्हॅलोनिया या समुद्री शेवाळाची एकच पेशी काही सेंटिमीटरपर्यंत वाढते, पण तिचा जिवंत भाग आतल्या मोठ्या रसधानीभोवती पातळ थरासारखा पसरलेला असतो. म्हणजे तिथेही हिशेब अंतराचाच.

फिनॉल्फथॅलीन मिळालं नाही तर घरात हळद आहे. गरम जेलीत चिमूटभर हळद आणि चुन्याची निवळी घातली की ती कुंकवासारखी लाल होते, आणि व्हिनेगर शिरेल तसतशी पिवळी पडत जाते. निवळी हाताळताना डोळे सांभाळा आणि या वड्या कुणाच्या खाण्यात जाऊ देऊ नका. शिक्षकांना विनंती एवढीच, की तीन घनांबरोबर ती चपटी वडीही ठेवा आणि आम्ल ओतण्याआधी मुलांना विचारा, सगळ्यात आधी रंग कुणाचा जाईल? गुणोत्तराचा तक्ता त्यानंतर फळ्यावर काढा.