आधी भिंत, मग तुळई

आमच्या सर्व्हेच्या बॅचमध्ये जुना वाडा पाडायचा विषय निघाला की पहिला प्रश्न जेसीबीचा असतो. खरं तर पहिले एक-दोन दिवस हातात टॉर्च, टेप आणि वही एवढंच लागतं. वीज, पाणी, गॅस तोडलेत का, खाली जुना हौद किंवा तळघर आहे का, भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे का, हे बघायचं. आणि मुख्य म्हणजे तुळया कुठल्या भिंतींवर टेकल्यात ते.

कारण विटांच्या जुन्या घरात तुळया नुसता मजला उचलत नाहीत, त्या भिंतींना आडवा आधारही देतात. त्या काढल्या की भिंत पत्त्यासारखी एकटी उभी! अमेरिकेत फिलाडेल्फियाला हेच झालं. तिथे एक चार मजली जुनी इमारत पाडताना विकाऊ लाकूड आतून आधी काढलं. ५ जून २०१३ ला आधार नसलेली भिंत शेजारच्या एकमजली दुकानावर कोसळली. सात जण गेले. आपल्याकडेही जुन्या सागवानाला भाव असतो, त्यामुळे हा मोह ओळखीचाच.

बरोबर क्रम असा: छप्पर उतरवायचं, वरच्या मजल्याच्या भिंती थर-थर करून जमिनीपर्यंत आणायच्या आणि मगच त्या मजल्याच्या तुळया काढायच्या. म्हणजे एका मजल्यापेक्षा उंच भिंत कधीच एकटी राहत नाही. मग खालचा मजला, पुन्हा तसंच.

दुसरी गंमत (गंमत कसली!) राडारोड्याची. विटांचा राडारोडा घनमीटरला साधारण १४०० किलो भरतो. मजल्यावर त्याचा फक्त १५ सेंटीमीटर थर साठला तरी चौरस मीटरला २१० किलो झाले. आपली हॉस्टेलची खोली सुमारे २०० किलोंसाठी डिझाइन करतात. इथे तर तुळईची टोकं भिंतीत कुजलेली असू शकतात. म्हणून माल रोजच्या रोज झाकलेल्या घसरणीतून खाली सोडायचा. तुळई वाकलेली दिसली, प्लास्टरला नवी चीर पडली, की काम थांबवून माणसं खाली.

धुळीसाठी पाणी मारतात, पण पाईप धरून सगळं भिजवणं चूक. ओला राडारोडा आणखी जड होतो. जिथे घण पडतो तिथेच बारीक फवारा हवा, आणि घसरणीच्या तोंडाशी. छपराला अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडायचे नाहीत. ओले करून अख्खे उतरवायचे.

आता लोकांना किती लांब ठेवायचं? यंत्राने पाडत असाल तर आयएस ४१३० प्रमाणे भिंतीच्या उंचीच्या दीडपट. १२ मीटरची भिंत म्हणजे १८ मीटर. पेठेतल्या बोळात एवढी जागा कुठून आणणार? मग यंत्र नाही, हाताने वरून खाली. आणि शेजारचं घर, दुकान तेवढे दिवस रिकामं. फिलाडेल्फियातलं दुकान त्या सकाळी गिऱ्हाइकांसाठी उघडं होतं.