एकच पत्ता, दोन विमे

राहात्यासारख्या बाजारपेठेत एखादी डाळ मिल उभी राहते, तेव्हा यंत्रे, तुरीचा साठा, तयार माल आणि वजनकाटा सारे एकाच आवारात असते. बँकेसाठी प्रकल्प अहवाल तयार करताना विम्याच्या प्रकरणात बहुधा एकच ओळ लिहिली जाते: ‘मालमत्तेचा विमा उतरविला जाईल.’ प्रत्यक्षात तेथे दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे हवीत. जळालेल्या वस्तू कशा भरून निघतील? आणि मिल बंद असलेल्या महिन्यांचा खर्च कोठून येईल?

पहिल्या प्रश्नासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून उपलब्ध आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी ती आहे. विम्याची रक्कम प्रत्यक्ष मूल्यापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी असली, तर दावा कापला जात नाही. त्याहून कमी असल्यास प्रमाणात कापला जातो. समजा, हंगामात साठा 40 लाखांचा आहे आणि विमा कर्जाच्या रकमेएवढा, 24 लाखांचाच आहे. 10 लाखांचा माल जळाला, तर हाती 6 लाखच येतील. म्हणून अहवालात साठ्याची सरासरी नव्हे, हंगामातील कमाल किंमत धरावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या पॉलिसीत नाही. त्यासाठी नफा-हानीचा, म्हणजे ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ विमा वेगळा घ्यावा लागतो. समजा, दरमहा 15 लाखांची विक्री आहे. तूर, बारदान आणि वाहतूक वजा जाता 3 लाख उरतात. त्यांतूनच पगार, व्याज आणि नफा निघतो. नवी यंत्रे बसून मिल पूर्ववत चालण्यास सहा महिने लागले, तर 18 लाखांची तूट पडेल. पॉलिसीत भरपाईची मुदत तीनच महिन्यांची असेल, तर निम्मी तूट मालकाच्याच अंगावर येते. मूळ आगीचा दावा मान्य होण्याजोगा नसेल, तर हा दावाही उभा राहत नाही.

पर्यायी व्यवस्थेचा संबंध येथेच येतो. या सहा महिन्यांत दुसऱ्या मिलमधून मजुरीवर डाळ भरडून 30 लाखांची विक्री टिकविली, तर 6 लाखांची तूट वाचते. त्यासाठी झालेला जादा खर्च हा विमा देतो. मात्र वाचलेल्या तुटीपेक्षा, म्हणजे 6 लाखांपेक्षा अधिक नाही. असा लेखी करार आगीपूर्वीच केलेला असावा. भाड्याच्या गोदामात माल हलविल्यास तो पत्ता विमा कंपनीला आधी कळवावा, कारण पॉलिसी पत्त्याशी बांधलेली असते. आणि साठावही व खरेदीबिलांची प्रत मिलबाहेर ठेवावी. ती कागदपत्रे मालासोबत जळाली, तर किती माल होता हे सर्वेक्षकास कशाने पटवून देणार?