जलवाहिनीवरून माहुलला

ठाणे जिल्ह्यातल्या तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या जाडजूड नळांच्या कडेने कित्येक वर्षे झोपड्या होत्या. विद्याविहार, घाटकोपर, कुर्ला अशा भागांत नळ जिथे उघड्यावर येतो, तिथे त्याच्या अंगाला टेकून संसार उभे होते. पाणी दूषित होण्याचा आणि कुणी घातपात करण्याचा धोका आहे, असे म्हणणे उच्च न्यायालयात मांडले गेले आणि नळाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करायचा आदेश झाला. शहराच्या दृष्टीने ही रास्तच गोष्ट. कोट्यवधी लोक जे पाणी पितात ते जपायलाच हवे. पण मोकळ्या झालेल्या दहा मीटरांतली माणसे गेली कुठे?

त्यातली सुमारे साडेपाच हजार कुटुंबे चेंबूरच्या पलीकडे माहुलला गेली. तिथे सात मजल्यांच्या 72 इमारती तयार होत्या, प्रत्येक खोली 225 चौरस फुटांची, संडास-नळ आतच. कागदावर ही बढतीच. मात्र इमारतींच्या आजूबाजूला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना आणि रसायने साठवायच्या टाक्या होत्या. पाण्याचा धोका टळावा म्हणून हलवलेली माणसे हवेच्या धोक्यात जाऊन राहिली.

उल्रिक बेक या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1986 साली ‘जोखीम समाज’ ही कल्पना मांडली. चेर्नोबिलचा स्फोट त्याच वर्षीचा. बेक यांचे म्हणणे थोडक्यात असे : पूर्वी समाजाचे मुख्य भांडण संपत्तीच्या वाटपाचे होते. आता कारखाने, रसायने आणि अणुवीज यांतून निपजलेल्या धोक्यांचे वाटप हाही भांडणाचा विषय झाला आहे. हे धोके डोळ्यांना दिसत नाहीत. ते आहेत की नाहीत हे ठरवायलाही तज्ज्ञ लागतो आणि यंत्र लागते. धूर गरीब-श्रीमंत बघत नाही, हे बेक यांचे गाजलेले मत. संपत्ती वर साठते आणि धोके खाली साचतात, हेही त्यांनीच त्याच पुस्तकात सांगितले आहे, पण ते फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले दिसत नाही. माहुल बघितले की मला दुसरेच मत जास्त खरे वाटते.

त्या इमारती नेमक्या तिथेच का उभ्या राहिल्या, हे समजायला मुंबईतला एक व्यवहार माहीत असावा लागतो. प्रकल्पबाधितांसाठी घरे बांधून ती सरकारला मोफत देणाऱ्या बिल्डरला त्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला टीडीआर, मिळतो. हा हक्क उपनगरात दुसरीकडे, जिथे घराला चांगला भाव येतो, तिथे जादा मजले चढवायला वापरता येतो किंवा विकता येतो. मग अशी घरे जितक्या स्वस्त जमिनीवर बांधावीत, तितका फायदा जास्त. आणि शहरातली सर्वांत स्वस्त जमीन कुठे असते? जिथे कुणी राजीखुशीने राहायला जात नाही तिथे. माहुलच्या इमारती याच प्रकारच्या योजनेतल्या. गरिबांना मुद्दाम विषारी हवेत पाठवावे असे कुणी ठरवले नसेलही. जमिनीच्या भावानेच ते परस्पर ठरवून टाकले.

हवेत नेमके काय होते? पेट्रोलजन्य द्रव टाकीत भरताना किंवा टँकरमध्ये ओतताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ऊन वाढले की टाकीतून वाफ आपोआपही सुटते. तिच्यात बेंझीन, टोल्युइन यांसारखी चटकन उडणारी संयुगे असतात. चिमणीतून काळा धूर दिसतो तसे हे दिसत नाही. कधी गोडसर, कधी उग्र वास येतो, बहुधा रात्री, आणि तपासणारा माणूस येईपर्यंत वारा फिरलेला असतो. वर्षभराची सरासरी काढली तर त्या दोन तासांचा उग्रपणा आकड्यात बुडून जातो. प्रत्येक कंपनी आपापल्या मर्यादेत असल्याचे सांगू शकते, मात्र सगळ्यांची वाफ एकाच छातीत जाते याची बेरीज कुणाच्याच परवान्यात नसते.

ही बेरीज आधी मांडायला लावली ती माहुलच्या जुन्या रहिवाशांनी, कोळ्यांनी. झोपड्या हलवायच्या आधीच ते राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते. 2013 मध्ये केईएम रुग्णालयाने माहुल आणि आंबापाडा इथे पाहणी केली. त्यात सुमारे 67 टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याचे सांगितले, तर सुमारे 87 टक्क्यांनी डोळे चुरचुरत असल्याचे. डिसेंबर 2015 मध्ये लवादाने इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. हा निकाल हाताशी असतानाही पुढे 2017 च्या सुमारास जलवाहिनीवरच्या कुटुंबांना इथल्याच किल्ल्या देण्यात आल्या.

आता दुसरा धोका, रोजगाराचा. तो हवेपासून वेगळा काढता येत नाही. विद्याविहारच्या झोपडीतली बाई सकाळी चालत जाऊन तीन-चार घरची धुणीभांडी करायची. त्या कामाला ना करार, ना पगारी रजा. ते टिकते ते हाकेच्या अंतरावर राहण्यामुळे आणि वेळेवर पोचण्यामुळे. माहुलहून आधी बस किंवा रिक्षा, मग लोकल, असे करून सकाळी सातला कुणाच्या दारात पोचायचे? एक-दोन खाडे झाले की कामाला दुसरी बाई लागते. नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्या बिगाऱ्याचेही तेच, कारण त्याला ओळखणारे मुकादम जुन्या नाक्यावर. म्हणजे कमाई घटली, प्रवासखर्च वाढला आणि त्यातच दमा किंवा खाज यांसाठी डॉक्टरच्या फेऱ्या सुरू झाल्या. आजारी पडले की त्या दिवसाची मजुरी बुडते. मजुरी बुडाली की दुसरीकडे भाड्याने जायचे पैसे साठत नाहीत. मग त्याच हवेत राहायचे. शेजारच्या कारखान्यातला कायम कर्मचारी त्याच वासात आठ तास काढतो, पण त्याला वैद्यकीय सुविधा असते, बदली असते, निवृत्तीची रक्कम असते. वाफ दोघांच्याही नाकात सारखीच जाते, तिच्यापासून दूर जाण्याची ऐपत मात्र सारखी नसते. ठेकेदाराच्या माणसाला तर हजेरीपटावर उद्या नाव असेल की नाही, हेही ठाऊक नसते.

8 ऑगस्ट 2018 ला तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा माहुलच्या खिडक्या हादरल्या आणि हे प्रकरण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. त्याच वर्षी रहिवाशांनी विद्याविहारला रस्त्याकडेला ठाण मांडले. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की, या कुटुंबांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना 15,000 रुपये भाडे द्या. 2020 मध्ये हरित लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई बसवली. ती वाटून देताना उडून जाणाऱ्या वाफेतला प्रत्येकाचा वाटा मोजला गेला. उशिरा का होईना, बेरीज झाली. पण ही रक्कम परिसराच्या सुधारणेसाठी होती. दोन वर्षे दम्याची औषधे विकत घेणाऱ्या घराला तिच्यातून काय मिळणार?

इमारतींतल्या हजारो खोल्या मात्र रिकाम्याच राहिल्या. 2025 मध्ये महापालिकेने त्यांतली 9,098 घरे आपल्या कर्मचाऱ्यांना सोडतीने विकायला काढली, प्रत्येकी 12 लाख 60 हजार रुपयांना. मुंबईत या भावात घर म्हणजे लॉटरीच म्हणायची. अर्ज करण्याची मुभा होती ती तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना. प्रतिसाद इतका थंड होता की मुदत वाढवावी लागली.