हरितलवकातले दोन विभाग

पालकाच्या पानातले हरितलवक म्हणजे दुहेरी आवरणाची सूक्ष्म पिशवी. तिच्यात थायलाकॉइड नावाच्या चपट्या, पोकळ चकत्यांच्या चळती असतात. त्यांना ग्रॅना म्हणतात. भोवतीचा दाट द्रव म्हणजे स्ट्रोमा.

थायलाकॉइडच्या पटलातले हरितद्रव्य प्रकाश शोषते. पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो आणि चकतीच्या पोकळीत प्रोटॉन साठतात. ते बाहेर पडताना एटीपी बनते. १९६६ मध्ये आंद्रे जॅगेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाचे थायलाकॉइड आधी आम्लात भिजवले, मग अल्कधर्मी द्रावणात टाकले. काळोखातही एटीपी तयार झाले. म्हणजे एटीपी घडवतो तो प्रोटॉनांचा साठा, प्रकाश फक्त तो भरतो.

स्ट्रोमात हे एटीपी आणि प्रकाशातच बनलेले एनएडीपीएच वापरून कार्बन डायऑक्साइडची साखर होते. या टप्प्याला थेट प्रकाश लागत नाही, तरी काळोख पडताच पुरवठा आटतो आणि साखर बनणे थांबते.