‘झालं’ म्हणण्याआधीचे दोन प्रश्न

हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणारं एक अ‍ॅप तयार होतंय, असं समजू. पुण्यातली सात-आठ जणांची टीम आहे आणि काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये चालतं. या स्प्रिंटमधली एक स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं एक छोटं काम, अशी आहे: सभासदाने मेंटेनन्स वेळेवर भरला नाही तर थकबाकीवर व्याज लागावं आणि बिलात ते वेगळ्या ओळीत दिसावं.

स्प्रिंट संपताना डेव्हलपर सांगतो, ‘झालं.’ कोड दुसऱ्या डेव्हलपरने तपासलेला आहे, सगळ्या टेस्ट पास आहेत, स्टेजिंग सर्व्हरवर अ‍ॅप नीट चालतंय. यातलं काहीही खोटं नाही. रिव्ह्यूला एका सोसायटीचे खजिनदार आलेले असतात. ते स्क्रीनवरची दोन बिलं बारकाईने बघतात आणि म्हणतात, “अहो, तुम्ही व्याजावर व्याज लावलंय. आम्हाला तसं लावता येत नाही.”

त्यांचं बरोबर आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४च्या आदर्श उपविधींनी थकबाकीवर दरसाल जास्तीत जास्त २१ टक्के व्याज घ्यायला मुभा दिली, आणि तेही सरळ व्याज. दर सर्वसाधारण सभा ठरवते. सभेने पूर्ण २१ टक्के ठरवले असतील तर महिन्याला पावणेदोन टक्के होतात. ३,००० रुपये थकले की पहिल्या महिन्याचं व्याज ५२ रुपये ५० पैसे. दुसऱ्या महिन्यातही सभासदाने काही भरलं नाही, तर त्या थकबाकीवर पुन्हा तेवढंच व्याज लागायला हवं. अ‍ॅपने मात्र ३,०५२ रुपये ५० पैशांवर हिशेब करून ५३ रुपये ४२ पैसे लावले. फरक ९२ पैशांचा, म्हणून क्षुल्लक वाटतो. पण असंच वर्षभर चाललं तर ६३० रुपयांऐवजी सुमारे ६९४ रुपये होतात. म्हणजे व्याज २३ टक्क्यांच्या वर गेलं आणि सोसायटीने उपविधींची मर्यादा ओलांडली.

मग टेस्ट पास कशा झाल्या? टेस्टरने उदाहरण घेतलं होतं ते एका महिन्यानंतर १,००० रुपये भरणाऱ्या सभासदाचं. भरलेली रक्कम आधी व्याजात वळती करून उरलेली मुद्दलात धरली, तर २,०५२ रुपये ५० पैसे मुद्दल उरतं आणि पुढच्या महिन्याचं व्याज ३५ रुपये ९२ पैसे येतं. अ‍ॅपनेही नेमकं तेवढंच दाखवलं. व्याज पूर्ण फिटलेलं असल्यामुळे चक्रवाढीची चूक त्या उदाहरणात उघडी पडायला जागाच नव्हती. शिवाय एखादी सोसायटी रक्कम आधी मुद्दलात वळती करत असेल, तर व्याज ३५ रुपयेच यायला हवं. असा पर्याय असू शकतो, हे टीममध्ये कोणी विचारलंच नव्हतं.

आता दुरुस्ती. सूत्रातला एक गुणाकार बदलला की झालं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण डेटाबेसमध्ये थकबाकीसाठी `balance` नावाचा एकच रकाना आहे. त्यात मुद्दल आणि व्याज एकत्र मुरलेलं आहे. सरळ व्याज लावायचं तर `principal` आणि `interest` असे दोन रकाने हवेत. मग त्यावर उभे असलेले बिलाचा स्क्रीन, पावती, थकबाकीदारांची यादी आणि टेस्टमधले नमुना-आकडे हे सगळं पुन्हा करावं लागतं. दोन आठवड्यांपूर्वी खजिनदारांना तीन उदाहरणं विचारली असती, तर पहिल्याच दिवशी दोन रकाने झाले असते.

टीमने जे तपासलं होतं त्याला म्हणतात ‘डेफिनिशन ऑफ डन’, आणि जे ठरवायचं राहिलं होतं ते ‘अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया’. पहिली यादी संपूर्ण प्रॉडक्टची असते: कोणतीही स्टोरी असो, बाहेर पडण्याजोगी व्हायला तिने किमान काय पार केलं पाहिजे. दुसरी एकाच स्टोरीपुरती असते: या कामाने वापरणाऱ्याला नेमकं काय द्यायचं. व्याजाच्या स्टोरीत ‘व्याज फक्त मुद्दलावर लागेल’, ‘भरलेली रक्कम सोसायटीने निवडलेल्या क्रमाने वळती होईल’, ‘काहीच न भरणाऱ्याला दुसऱ्या महिन्यातही ५२ रुपये ५० पैसेच व्याज लागेल’ अशा ओळी हव्या होत्या. त्या लिहिल्या नव्हत्या. पण पहिल्या यादीवर सगळीकडे बरोबरच्या खुणा झाल्या होत्या, आणि त्यालाच सगळ्यांनी काम पूर्ण झाल्याचा पुरावा मानलं. टेस्ट पास होणं याचा अर्थ डेव्हलपरला जसं समजलं तसं चालतंय, एवढाच असतो. त्याला बरोबर समजलं होतं का, हे टेस्ट सांगत नाहीत.

दोन्ही याद्यांचं मूळही वेगवेगळं आहे. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या ‘स्क्रम गाइड’च्या २०२०च्या आवृत्तीत डेफिनिशन ऑफ डनला मानाची जागा आहे. ती पूर्ण न करणारं काम ग्राहकांपर्यंत तर जायचं नाहीच, रिव्ह्यूतही दाखवायचं नाही. ते परत बॅकलॉगमध्ये जातं. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया हा शब्दप्रयोग मात्र त्या पुस्तिकेत नाहीच. तो स्टोरी लिहिण्याच्या परंपरेतून आला. रॉन जेफ्रीज यांनी २००१ साली स्टोरीचे तीन भाग सांगितले होते: कार्ड, त्यावरचा संवाद आणि शेवटी खात्री. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया म्हणजे त्यातली खात्री, आणि संवाद झाला नाही तर ती नुसती कागदावर उरते. स्क्रम शिकून आलेल्या टीमला पहिली यादी तोंडपाठ असते आणि दुसरी कोणी शिकवलेलीच नसते, हे मला तरी या गोंधळाचं मोठं कारण वाटतं.

गोंधळ उलट्या दिशेनेही होतो, आणि तो जास्त महागात पडतो. त्याच अ‍ॅपमध्ये बिल उघडलं की पत्त्याच्या पट्टीत `/bill?flat=304` दिसतं. कोणीतरी सहज `304` चं `305` करतं आणि शेजाऱ्याचं बिल, त्याच्या थकबाकीसकट, समोर येतं. बिलाच्या स्टोरीचे सगळे क्रायटेरिया पूर्ण झालेले होते. एका सभासदाला दुसऱ्याचं बिल दिसू नये, ही ओळ त्यात नव्हती. ती असण्याची अपेक्षा खजिनदारांकडून करणंही चुकीचं आहे. ते त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. पैसे भरण्याच्या स्टोरीत मात्र ही ओळ होती, कारण ती लिहिताना टेस्टर हजर होती आणि तिला आठवलं. पावतीच्या आणि तक्रारीच्या स्टोरीत पुन्हा नाही. जी अट प्रत्येक स्क्रीनला लागू होती, ती कोणाला कधी आठवेल यावर सोडली गेली.

अशी अट डेफिनिशन ऑफ डनमध्ये असती तर ‘दुसऱ्या सभासदाच्या लॉगिनने हा स्क्रीन उघडून पाहिला’ ही तपासणी प्रत्येक स्टोरीच्या वाट्याला आपोआप आली असती. आता पूर्ण म्हणून बाजूला ठेवलेला प्रत्येक स्क्रीन पुन्हा उघडावा लागेल. क्रायटेरिया चुकले की एकाच स्टोरीत खोलवर खणावं लागतं. डेफिनिशन ऑफ डनमध्ये भोक असलं तर ते आतापर्यंतच्या प्रत्येक स्टोरीत असतं, आणि जितके स्प्रिंट उलटतील तितकं ते पसरत जातं. त्यामुळे हातातलं पुन्हा करावं लागणारं काम एका जागी साचलंय की सगळीकडे थोडंथोडं विखुरलंय, एवढ्यावरूनही कोणती यादी चुकली ते बहुतेकदा कळतं.

एखादी ओळ कुठे लिहायची हे ओळखायचं तर ती पुढच्या, अगदी वेगळ्या स्टोरीवर ठेवून पाहावी. ‘कोड दुसऱ्याने तपासला’ ही ओळ पार्किंगच्या स्टोरीवरही शब्द न बदलता बसते. ‘व्याज मुद्दलावरच’ ही ओळ तिथे निरर्थक ठरते. वेगाच्या अटींवर टीममध्ये वाद होतात. कोणताही स्क्रीन साध्या फोनवर ठरलेल्या वेळात उघडावा, ही सगळ्यांना लागू अट आहे. ४०० फ्लॅटची बिलं एका दमात निघावीत, ही फक्त बिलं काढण्याच्या स्टोरीची. दोन्हींत ‘वेग’ असला तरी यादी वेगळी.

गल्लत झाली की अधिकाराचाही घोळ होतो. क्रायटेरियावर घासाघीस चालते, चाललीच पाहिजे. वेळ कमी आहे तर प्रॉडक्ट ओनर म्हणू शकतो, “रक्कम वळती करायचा पर्याय पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ, आत्ता एकच क्रम द्या.” काम लहान झालं, पण जे झालं ते पक्कं आहे. डेफिनिशन ऑफ डनमध्ये अशी सूट नसते. आता ‘टेस्ट लिहिल्या आहेत’ ही ओळ क्रायटेरियात जाऊन बसली की बाकीच्या ओळींसारखी तीही घासाघिशीत येते, आणि गुरुवारी संध्याकाळी सगळ्यात आधी तिच्यावरच काट बसते. बोर्डवर ‘डन’च्या शेजारी ‘फक्त टेस्टिंग बाकी’ असा रकाना उगवला, किंवा प्रत्येक स्टोरीच्या तळाशी त्याच तीन ओळी चिकटवलेल्या दिसल्या, तर तिथे हे घडलेलंच आहे.

एका चुकीनंतर घाबरून सगळंच डेफिनिशन ऑफ डनमध्ये कोंबणाऱ्या टीमही असतात. व्याजाचा गोंधळ झाला म्हणून ‘व्याजाचा हिशेब तपासला’ ही ओळ तिथे जाते, मग पावतीच्या क्रमांकाची, मग तारखेची. यादी चाळीस ओळींची झाली की ती न वाचता खुणा केल्या जातात. टीमला स्प्रिंटच्या आत करताच येणार नाही अशी अट तिथे लिहिण्यातही अर्थ नाही. बाहेरच्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्यायला सहा आठवडे लागत असतील, तर ती यादीत टाकल्याने कोणतीच स्टोरी कधी पूर्ण होणार नाही. ते काम उरलंय, हे बॅकलॉगमध्ये उघड दिसेल असं ठेवावं आणि रिलीजची तारीख ठरवताना मोजावं.

शेजाऱ्याच्या बिलाची गोष्ट उघडकीला आल्यावर टीमने रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये दुसऱ्या लॉगिनची ओळ यादीत घातली, तर ती पुढच्या स्टोरींना लागते. मागच्या स्टोरी त्यामुळे सुरक्षित होत नाहीत. त्यांच्यासाठी बॅकलॉगमध्ये वेगळी नोंद करावी लागते. त्यात जुन्या स्क्रीनची नावं लिहावीत, ज्यांत पैसे आणि फोन नंबर दिसतात ते वर घ्यावेत, आणि ते तपासून होईपर्यंत नव्या सोसायट्यांना अ‍ॅप द्यायचं थांबवायचं का, हे प्रॉडक्ट ओनरला त्याच बैठकीत विचारावं.