नकार आलेल्या स्थळाला पुन्हा विचारताना

ठरवून होणाऱ्या लग्नांत नकाराची भाषा मवाळ असते. ‘पत्रिका जुळत नाही’, ‘इतक्यात करायचं नाही’, ‘घरी बोलून कळवतो’ असं म्हटलं जातं आणि खरं कारण बहुतेकदा झाकलेलंच राहतं. म्हणून परिस्थिती बदलल्यावर तेच स्थळ पुन्हा मनात आलं, तर नकार कशाला होता हे आधी नीट आठवावं. कारण स्पष्ट सांगितलेलं होतं आणि तेच आता उरलं नसेल, तरच विचारण्यात अर्थ आहे. पत्रिकेची सबब मिळाली असेल, तर दुसऱ्या गुरुजींकडून गुण जुळवून आणू नयेत. समोरच्यांनी आपला मान राखून ‘नाही’ म्हटलेलं असतं.

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेने दुबईतल्या मुलाला नकार दिला, कारण आईवडिलांना सोडून परदेशी जायचं नव्हतं. दीड वर्षाने मुलगा पुण्यात बदलून आला. इथे विचारायला जागा आहे.

पहिलं पाऊल मध्यस्थाचं. त्याने मुलाचं नाव न काढता, ‘अजून स्थळं बघताय ना?’ एवढंच विचारावं. लग्न ठरलं असेल तर विषय तिथेच मिटतो, कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. बघत असतील, तर लेखी निरोप द्यावा, कारण फोनवर माणसाला लगेच काहीतरी बोलावं लागतं. निरोप असा: ‘मागे बोलणं झालं तेव्हा मुलगा दुबईत होता. जूनपासून तो पुण्यात आहे. ताईंना पुन्हा विचार करावासा वाटला तर कळवा. नसेल तर उत्तर दिलं नाहीत तरी आम्ही समजू.’

या निरोपात काय नाही, ते महत्त्वाचं आहे. मुलगा तिच्यासाठी परत आला, असं त्यात नाही. तसं लिहिलं की तिच्या डोक्यावर उपकाराचं ओझं येतं. तिचं वाढतं वय किंवा ‘आमच्याकडे दुसरी स्थळं आहेत’ हेही नाही. बदल सांगायचा तो फक्त आपल्या बाजूचा. आत्या-मावशांना मध्ये घालणं तर मला सरळ अन्याय वाटतो, कारण मग तिला एकाऐवजी चार जणांना तोंड द्यावं लागतं.

दोन-तीन आठवडे उत्तर आलं नाही, तर तो नकारच समजावा. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही मुलगा स्वतः तिला पुन्हा पुन्हा गाठू लागला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार तो पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो.

होकार आला तरी तो फक्त भेटीला असतो. ती पहिल्यापासून सगळं विचारेल. बदली कायमची की प्रोजेक्टपुरती, हे तर नक्कीच. प्रोजेक्ट वर्षभराचा असेल, तर ते पहिल्याच भेटीत, तिने विचारायच्या आधी सांगावं.