अस्सल हरवले, तर नक्कल कशी टिकावी?

आपल्या देशाच्या पुराव्याच्या कायद्याने एक गोष्ट फार पूर्वीच मान्य केली आहे. 1872 च्या कायद्यातील कलम 65 नुसार मूळ दस्तऐवज हरवला किंवा नष्ट झाला असेल, तर त्याऐवजी दुय्यम पुरावा देता येत असे. 2023 मध्ये आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ही तरतूद कायम ठेवली. तरीही रुग्णालयाची मूळ बिले हरवलेला माणूस विमा कंपनीच्या खिडकीपाशी उभा राहतो, तेव्हा ‘ओरिजिनल आणा’ हेच दोन शब्द त्याला ऐकावे लागतात. याला अडवणूक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कंपनी मूळ कागदच का मागते, हे समजले तर मात्र कोणती नक्कल टिकेल आणि कोणती टिकणार नाही, हेही समजते.

आरोग्य विमा हा क्षतिपूर्तीचा करार आहे. जेवढा खर्च प्रत्यक्ष झाला तेवढाच, आणि एकदाच, परत मिळावा, हे त्याचे तत्त्व. एका माणसाकडे दोन पॉलिसी असू शकतात. एक स्वतः काढलेली, दुसरी मुलाच्या नोकरीतून मिळालेली. एकच बिल दोन्हीकडे दाखवून दोनदा पैसे घेतले जाऊ नयेत, यासाठी मूळ कागद आपल्या ताब्यात ठेवणे हा कंपन्यांचा जुना उपाय आहे. थोडक्यात, मूळ बिल हे खर्चाचा पुरावा तर असतेच, पण हा दावा दुसरीकडे केलेला नाही याचीही ती खूण असते. साध्या झेरॉक्समधून पहिली गोष्ट सिद्ध होते, दुसरी होत नाही. स्वीकारार्ह नकलेने दोन्ही सिद्ध केल्या पाहिजेत.

माझ्या जुन्या कार्यालयातील एका निवृत्त सहकाऱ्याचे प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ते ओडिशातले. पत्नीच्या गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी ते चेन्नईला गेले होते. रुग्णालय त्यांच्या विमा कंपनीच्या यादीत नव्हते, म्हणून कॅशलेस सोय मिळाली नाही. रुग्णालयाला त्यांनी 1,00,000 रुपये आगाऊ आणि घरी सोडताना 1,62,400 रुपये भरले. बाहेरच्या औषध दुकानाची बिले 22,200 रुपयांची होती. एकूण खर्च 2,84,600 रुपये. 12 ऑगस्टला डिस्चार्ज मिळाला आणि परतीच्या प्रवासात सगळे कागद असलेली पिशवी गाडीतून नाहीशी झाली. पॉलिसीप्रमाणे डिस्चार्जपासून 30 दिवसांत, म्हणजे 11 सप्टेंबरपर्यंत, कागद सादर करायचे होते.

त्यांनी पहिले पाऊल योग्य टाकले. भुवनेश्वरला उतरताच रेल्वे पोलिसांकडे वस्तू हरवल्याची नोंद केली. अशा नोंदीत ‘एक पिशवी’ एवढेच लिहून चालत नाही. अंतिम बिल, दोन पावत्या, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांची बिले असा प्रत्येक कागदाचा उल्लेख त्यांनी करवून घेतला. दोन दिवसांनी विमा कंपनीला ई-मेल करून कागद हरवल्याचे कळवले, पोलिसांच्या नोंदीची प्रत जोडली आणि नकला मिळण्यास उशीर लागल्यास मुदत वाढवून द्यावी अशी विनंती केली. सर्व साधारण व आरोग्य विमा कंपन्यांना विकावी लागणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीच्या अटींतही, विमेदाराच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेला उशीर गुणवत्तेवर माफ करता येतो. पण मुदत उलटल्यावर दिलेले कारण सबब वाटते. मुदतीआधी दिलेले कारण नोंद ठरते.

चूक झाली ती पुढच्या पावलावर. त्यांनी रुग्णालयाला फोन केला, तिथल्या कर्मचाऱ्याने कुरिअरने कागद पाठवले आणि ते त्यांनी तसेच कंपनीला दिले. कंपनीने तीन हरकती काढल्या. बिलावर नवा क्रमांक आणि ऑगस्टऐवजी सप्टेंबरची तारीख होती, कारण संगणकातून जुने बिल पुन्हा छापण्याऐवजी कोणीतरी नवे बिल तयार केले होते. डिस्चार्ज समरी पुन्हा टंकलिखित केलेली होती आणि तीत गुडघेदुखी ‘दहा महिन्यांपासून’ ऐवजी ‘दहा वर्षांपासून’ असल्याचे लिहिले गेले होते. पॉलिसी त्याहून अलीकडची असल्यामुळे आजार आधीपासूनचा होता काय, हा प्रश्न एका शब्दाने उभा केला. तिसरे म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याचे स्टिकर कुठेच नव्हते.

या तीन हरकतींत नकलेचे सगळे शास्त्र आहे. बिलाची नक्कल म्हणजे त्याच क्रमांकाचे, त्याच तारखेचे, त्याच रकमेचे आणि तपशीलवार फोड असलेले बिल. त्यावर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का असावा आणि अधिकृत व्यक्तीची सही व रुग्णालयाची मोहोर असावी. ‘डुप्लिकेट’ या शब्दाची अनेकांना भीती वाटते आणि तो टाळण्याची विनंती ते रुग्णालयाला करतात. ते नेमके उलटे आहे. एकाच व्यवहाराची दोन ‘मूळ’ बिले अस्तित्वात असणे, हीच कंपनीच्या संशयाची गोष्ट असते.

डिस्चार्ज समरीबाबत ‘नवी द्या’ असे कधीही म्हणू नये. ‘नोंदीतल्या समरीची सत्यप्रत द्या’ असे म्हणावे. सही केलेली एक प्रत रुग्णाच्या केस पेपरांत राहते आणि हे कागद मेडिकल रेकॉर्ड विभागात जपलेले असतात. त्या प्रतीची छायाप्रत आणि तिच्यावर ‘सत्यप्रत’ असा शेरा, एवढेच पुरे. स्टिकरचेही तसेच. कृत्रिम सांध्याच्या वेष्टणावरील स्टिकर रुग्णाच्या कागदांबरोबर शस्त्रक्रियेच्या नोंदीवरही चिकटवलेले असते. हरवलेले स्टिकर पुन्हा मिळत नाही, पण ते असलेल्या पानाची सत्यप्रत आणि त्या सांध्याचे खरेदी बिल मिळू शकते. त्यावरचा क्रमांक एकच असला की शंका फिटते.

दुसऱ्या वेळी माझ्या सहकाऱ्याने लेखी अर्ज केला, आणि एकाच विभागाला नव्हे. बिले व पावत्यांसाठी बिलिंग विभागाला, समरी व केस पेपरांसाठी मेडिकल रेकॉर्ड विभागाला. दोन्ही अर्जांत रुग्णाचा नोंदणी क्रमांक, दाखल होण्याची व सोडल्याची तारीख आणि हव्या असलेल्या कागदांची यादी होती. रुग्ण त्यांची पत्नी असल्यामुळे तिचे सहीचे अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रे सोबत जोडली. अर्ज पोचल्याची तारखेसह पोच घेतली, कारण घड्याळ तिथून सुरू होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास वैद्यकीय नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही 1996 मध्ये स्पष्ट केले की गुप्ततेचे कारण सांगून रुग्णाला केस पेपरांच्या प्रती नाकारता येत नाहीत. वाजवी शुल्क मात्र घेता येते. पण याच विनियमांत नोंदी जपण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची आहे. जुन्या उपचारांचे कागद हरवले असतील तर ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

रुग्णालयाकडून त्यांनी आणखी एक कागद मागितला, आणि माझ्या मते सगळ्यांत निर्णायक तोच ठरला. रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे अर्ध्या पानाचे प्रमाणपत्र: अमुक क्रमांकाचे बिल अमुक तारखेला दिले होते, त्याचे पैसे अमुक पावत्यांनी रुग्णाकडूनच मिळाले, या उपचारासाठी कोणत्याही विमा कंपनीकडून कॅशलेस रक्कम घेतलेली नाही, आणि मूळ कागद हरवल्याच्या अर्जावरून ही नक्कल दिली आहे. याच्या जोडीला बँकेचे विवरणपत्र होते, ज्यात 1,00,000 आणि 1,62,400 या दोन्ही रकमा त्याच तारखांना दिसत होत्या. नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि कंपनीच्या नमुन्यातले क्षतिपूर्ती बंधपत्रही त्यांनी दिले. मूळ कागद सापडल्यास कंपनीकडे जमा करू, त्यांवर दुसरीकडे दावा केलेला नाही व करणार नाही, आणि दुहेरी रक्कम मिळाल्याचे आढळल्यास ती परत करू, अशी हमी त्यात असते. बंधपत्राचे मुद्रांक शुल्क राज्यागणिक वेगळे असते, म्हणून नमुना आधी कंपनीकडून मागवावा आणि मग स्टॅम्पपेपर घ्यावा.

एवढे करूनही सगळे पैसे मिळाले नाहीत. बाहेरच्या औषध दुकानांपैकी एका दुकानाने आपल्या संगणकातून जुनी बिले पुन्हा छापून, शिक्का मारून दिली. दुसऱ्याने रोखीने घेतलेल्या 6,300 रुपयांच्या औषधांचे हाताने लिहिलेले बिल दिले होते. त्याची कार्बन प्रत त्याला सापडली नाही आणि बँकेतही त्याचा माग नव्हता. ती रक्कम गेली. बाकीचा दावा पॉलिसीच्या नेहमीच्या कपातीनंतर मंजूर झाला. ज्या खर्चाचा माग दुसऱ्या कोणाच्या दप्तरात राहतो, त्याचीच नक्कल मिळते.

विमा नियामक प्राधिकरणाची भूमिकाही आता पुष्कळ बदलली आहे. मे 2024 च्या आरोग्य विम्यावरील महापरिपत्रकात म्हटले आहे की दाव्यासाठी लागणारे कागद विमेदाराकडे न मागता विमा कंपनीने आणि तिच्या टीपीएने रुग्णालयाकडून मिळवावेत. यादीबाहेरच्या रुग्णालयांत हे आपोआप घडते असे नाही. म्हणून अर्जात या परिपत्रकाचा उल्लेख करून, कंपनीने स्वतः रुग्णालयाकडे खातरजमा करावी अशी लेखी विनंती करावी. मूळ कागद हरवले नसून दुसऱ्या विमा कंपनीकडे जमा असतील, तर प्रश्न आणखी सोपा असतो. त्या कंपनीने साक्षांकित केलेल्या प्रती आणि तिने किती रक्कम दिली याचे पत्र देऊन उरलेल्या खर्चाचा दावा करता येतो.

तरीही ‘मूळ नाही’ एवढ्याच कारणाने नकार आला, तर तो पॉलिसीच्या नेमक्या अटीच्या उल्लेखासह लेखी घ्यावा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल. देशभर अशी कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र तिथे पोचले पाहिजे.

माझे सहकारी आता रुग्णालयाच्या दारातच प्रत्येक कागदाचा फोटो काढतात. फोटोवर दावा मंजूर होत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण बिलाचा क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि समरीतला प्रत्येक शब्द त्यात राहतो, आणि हाती आलेली नक्कल अस्सलाशी जुळते की नाही, हे कंपनीआधी आपल्याला पाहता येते. ‘महिने’ आणि ‘वर्षे’ यांतला फरक त्यांना पहिल्याच दिवशी दिसला असता.